सदुसष्ट टक्के आले कुठून?

नैराश्यावरच्या ‘स्टार-डी’ या अमेरिकी अभ्यासाचा मुख्य निबंध २००६ साली आला. पहिल्या औषधाने लक्षणे गेली नाहीत तर दुसरा उपचार, मग तिसरा, मग चौथा. टप्प्यांनुसार लक्षणमुक्त झाले अंदाजे ३७, ३१, १४ आणि १३ टक्के. आता शंभर रुग्ण धरा. पहिल्या टप्प्यानंतर ६३ उरतात, मग ४४, ३८ आणि शेवटी ३३. म्हणजे ६७ बरे झाले!

पण प्रत्यक्षात टप्प्याटप्प्याला बरेच जण अभ्यास सोडून गेले होते. ६७ हा आकडा, कोणीच गेले नसते आणि गेलेलेही इतरांइतकेच बरे झाले असते, असे धरून काढलेला. लेखकांनी हे लिहिले होते. लोकांच्या तोंडी मात्र नुसता आकडा राहिला.

म्हणून शोधनिबंध लिहिताना चर्चेच्या भागात गृहीतक आकड्याच्याच वाक्यात हवे, दोन पाने पुढे नव्हे. ‘काही रुग्ण गळाले, ही मर्यादा’ एवढ्याने भागत नाही (हे वाक्य तर जिथे तिथे चिकटवलेले असते). गळतीने आकडा कुठे झुकला ते सांगा: गुण न आलेले जास्त गेले असतील, तर ६७ फुगलेला आहे.

शिवाय स्टार-डीमध्ये प्लासिबो गट नव्हता. त्यामुळे ‘औषधांमुळे बरे झाले’ न म्हणता ‘उपचार चालू असताना बरे झाले’ एवढेच म्हणता येते. तेही ओपीडीत येणाऱ्या १८ ते ७५ वयाच्या अमेरिकी रुग्णांपुरते. बायपोलर असलेल्यांना यात घेतलेच नव्हते.