गोल शीटमधलं ‘इम्प्रूव्ह’

नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की कंपन्यांमध्ये गोल शीट भरायची घाई सुरू होते. ती बहुधा इंग्रजीतच भरायची असते आणि ‘इम्प्रूव्ह कस्टमर सर्व्हिस’ ही ओळ तिच्यात हमखास असते. वाद होतो तो वर्षाअखेरीस, अप्रेझलच्या वेळी. कर्मचारी म्हणतो सेवा सुधारली, साहेब विचारतात कुठे सुधारली, आणि त्या ओळीत दोघांनाही उत्तर सापडत नाही.

म्हणून क्रियापद लिहिण्याआधी नेमकं काय बदलायचं आहे ते ठरवावं. समजा, पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा तक्रार विभाग आहे. तंत्रज्ञाच्या पहिल्याच फेरीत शंभरातल्या 60 तक्रारी सुटतात, त्या 75 व्हायला हव्यात. इथे आकडा वर न्यायचा आहे, म्हणून ‘बूस्ट’. कंट्रोल पॅनलची दुरुस्ती एकाच तंत्रज्ञाला जमते आणि तो रजेवर गेला की काम अडतं. इथे कच्चा दुवा पक्का करायचा आहे, म्हणून ‘स्ट्रेंग्थन’. तक्रारीचा फॉर्म ठीक चालतो, पण त्यात पत्ता दोनदा विचारला जातो. चालत्या गोष्टीतली खोट काढायची, तर ‘रिफाइन’. आणि सेवा चांगली असतानाच तंत्रज्ञ किती वाजता येईल हे ग्राहकाला एसएमएसने कळवायचं असेल, तर चांगल्यात भर पडते. ते ‘एन्हान्स’.

शब्द चुकला की अर्थही बिघडतो. ‘बूस्ट रिस्पॉन्स टाइम’ लिहिलं तर प्रतिसादाला लागणारा वेळ वाढवायचा आहे असा अर्थ निघू शकतो. जे कमी व्हायला हवं, त्यासाठी सरळ ‘रिड्यूस’ लिहावं. महिन्याच्या अहवालातले आकडेच चुकत असतील तर ‘रिफाइन’ म्हणणं म्हणजे चुकीवर पांघरूण घालणं. तिथे ‘करेक्ट’ हवं. ‘एन्हान्स’ शोभिवंत वाटतो म्हणून सगळीकडे वापरला जातो, पण नवीन काय मिळणार हे सांगता येत नसेल तर तोही ‘इम्प्रूव्ह’इतकाच मोघम ठरतो.

नुसतं क्रियापद बदलूनही भागत नाही. ‘स्ट्रेंग्थन टीम’ इतकंच लिहिलं तर मार्चमध्ये तोच वाद होईल. ‘सप्टेंबरअखेर आणखी दोन तंत्रज्ञ कंट्रोल पॅनलची दुरुस्ती एकट्याने करू लागतील’ हे त्याच ओळीत आलं, की काय तपासायचं ते दोघांनाही कळतं. बूस्टसाठी आजचा आणि उद्याचा आकडा लागतो, रिफाइनसाठी कोणती खोट काढणार ते लागतं, एन्हान्ससाठी ग्राहकाच्या हातात काय नवं पडणार ते. हे लिहिता येत नसेल तर काय सुधारायचं तेच अजून ठरलेलं नाही, असं समजून आधी साहेबांशी बोलावं आणि मगच ती ओळ भरावी.