कंपनीचे मन कोणाचे?

आपल्यापैकी अनेकांच्या घरचा व्यवसाय आता प्रायव्हेट लिमिटेड झाला आहे. कंपनी काढताना किमान दोन संचालक लागतात, म्हणून पत्नीचे, काकूंचे किंवा निवृत्त वडिलांचे नाव घातले जाते. पुढे कंपनीवर फौजदारी खटला उभा राहिला की घरात पहिला प्रश्न येतो : गुन्हा कंपनीचा, मग आरोपी कोण?

फसवणुकीसारख्या गुन्ह्यात हेतू सिद्ध करावा लागतो. कंपनी ही कायद्याने व्यक्ती असली तरी तिला स्वतःचे मन नाही. म्हणून कायदा तिच्या कारभाराची सूत्रे ज्यांच्या हाती आहेत त्यांचे मन हेच कंपनीचे मन मानतो. मात्र प्रत्येक नोकराचे मन त्यात धरले जात नाही. इंग्लंडमधल्या टेस्को या दुकानसाखळीच्या एका शाखेत धुण्याची पावडर सवलतीत मिळेल अशी जाहिरात लावलेली होती, पण ग्राहकाला पूर्ण किंमत द्यावी लागली. चूक शाखा व्यवस्थापकाची होती. १९७१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले की व्यवस्थापक हे कंपनीचे हात होते, मन नव्हे. टेस्को सुटली.

भारतात हे तत्त्व पक्के झाले ते पुण्यातून सुरू झालेल्या एका खटल्यामुळे. इरिडियम इंडिया या कंपनीने मोटोरोलावर फसवणुकीची तक्रार पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली. हेतू लागणाऱ्या गुन्ह्यातही कंपनीवर खटला चालू शकतो आणि चालवणाऱ्यांचा हेतू तिचा मानता येतो, असे न्यायालय म्हणाले. अर्थात कंपनीला तुरुंगात पाठवता येत नाही. तिला दंडच होतो.

आता खरी मेख. माणसाचे मन कंपनीला लागते, म्हणून कंपनीचा गुन्हा आपोआप माणसाला लागतो का? २००२ सालच्या स्पेक्ट्रम वाटपाच्या प्रकरणात सीबीआयने कंपन्यांना आरोपी केले होते. सुनील भारती मित्तल आणि रवी रुइया यांची नावे आरोपपत्रात नव्हती. विशेष न्यायालयाने, हेच कंपन्यांचे चालक, असे म्हणून त्यांना समन्स काढले. ९ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. तत्त्व उलटे लावले, असे न्यायालयाने स्पष्ट केले. संचालकाला आरोपी करायचे तर दोनच वाटा आहेत : त्याचा स्वतःचा सहभाग आणि हेतू दाखवणारा पुरावा हवा, नाहीतर त्या कायद्यातच संचालकाला जबाबदार धरणारे कलम हवे. (पुढे त्याच वर्षी विशेष न्यायालयाने त्या प्रकरणातून कंपन्यांनाही आरोपमुक्त केले.)

दुसऱ्या वाटेचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे न वटलेला धनादेश, म्हणजे पराक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ आणि १४१. समजा, घरच्या कंपनीने ८ लाखांच्या मालापोटी दिलेला चेक परत आला. व्यापाऱ्याने ३० दिवसांत नोटीस दिली, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले गेले नाहीत. वडील व्यवस्थापकीय संचालक, सही मुलाची, काकू नावापुरत्या संचालक.

वडील त्या पदामुळेच जबाबदार धरले जातात. मुलगा सहीमुळे येतो. काकूंचे तसे नाही. घटनेच्या वेळी कंपनीचा कारभार त्यांच्या हाती होता आणि त्यासाठी त्या कंपनीला जबाबदार होत्या, असे तक्रारीत स्पष्ट लिहावे लागते. नुसते 'संचालक आहेत' एवढे पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एसएमएस फार्मास्युटिकल्सच्या निकालात सांगितले. शिवाय एरवी कंपनीला आरोपी केल्याशिवाय केवळ संचालकांवर खटला चालत नाही, हे २०१२ मध्ये अनिता हाडा प्रकरणात ठरले.

पण इथेच गफलत होते. तक्रारदाराने ते आवश्यक वाक्य लिहिले की काकूंनाही समन्स येऊ शकते, आणि आपला रोजच्या कारभाराशी संबंध नव्हता हे दाखवण्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागते. तेव्हा कामाला येतात ते कागद. बँकेतल्या सह्यांच्या अधिकारपत्रात कोणाचे नाव आहे, कोणाला काय काम दिले याचा संचालक मंडळाचा ठराव आहे का, आणि राजीनामा दिला असेल तर तो कंपनी निबंधकाकडे डीआयआर-१२ या फॉर्मने नोंदला गेला का. चेक देण्याच्या कितीतरी आधी पद सोडले, पण नोंद राहून गेली, म्हणून वर्षानुवर्षे तारखा भोगाव्या लागणारे संचालक असतात.

म्हणून घरातल्या कोणाची सही संचालक म्हणून घेण्यापूर्वी, त्यांच्या हाती काय असेल आणि काय नसेल, हे ठरावात लिहून ठेवावे.