सबटायटलभोवतीचं खळं

ठाण्याच्या आत्याचा रात्री साडेदहाला फोन आला. "अरे, नवा टीव्ही महिनाभर झाला नाही आणि अक्षरांमागे धूर दिसतोय. परत देऊन टाकू का?" ती 'भ्रमयुगम' बघत होती. मामुट्टीचा २०२४ सालचा हा मल्याळम सिनेमा अख्खा कृष्णधवल आहे आणि त्यातलं बरंच काही अंधाऱ्या वाड्यात, दिव्याच्या उजेडात घडतं. आत्याला मूळ आवाजच ऐकायचा असतो, म्हणून खाली पांढऱ्या सबटायटल्स. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन पाहिलं, तर पावसाळी चंद्राला पडतं तसं खळं प्रत्येक ओळीभोवती होतं. ओळ गेली की खळंही जायचं.

टीव्ही बिघडलेला नव्हता. तो साध्या एलसीडी जातीचा होता आणि या जातीत काळा रंग म्हणजे उजेड अडवणं. मागे एलईडी दिव्यांची चादर सतत पेटलेली असते आणि पुढचे लिक्विड क्रिस्टल खिडकीच्या झडपांसारखे उघडतात-मिटतात. झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा उजेड झिरपतोच. व्हीए प्रकारच्या पॅनेलवर पांढरा हा काळ्याच्या साधारण तीन ते पाच हजार पट उजळ असतो, आयपीएसवर जेमतेम हजारपट. दिवसा हॉलमध्ये हे कोणाच्या लक्षातही येत नाही. रात्री दिवे मालवले की 'काळा' पडदा राखाडी दिसायला लागतो.

त्यावरचा उपाय म्हणजे लोकल डिमिंग. मागच्या चादरीचे चौकोन पाडायचे आणि जिथे चित्र काळं आहे तिथले दिवे मंद किंवा बंद करायचे. या चौकोनांना झोन म्हणतात. आत्याच्या ५५ इंची टीव्हीचा पडदा सुमारे १२२ सेंमी रुंद आणि ६८ सेंमी उंच. झोन किती, हे खोक्यावर लिहिलेलं नव्हतं. बऱ्याचदा नसतंच. आपण हिशेबापुरते आडवे १६ आणि उभे १० धरू, म्हणजे १६० झोन. एक झोन झाला साधारण साडेसात बाय सात सेंमीचा, हाताच्या पंजाहून थोडा लहान. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात, म्हणजे या एका चौकोनामागे पन्नास हजारांहून जास्त ठिपके आणि त्या सगळ्यांसाठी उजेडाची एकच पातळी.

आता त्या काळोख्या चौकोनात एक पांढरं अक्षर आणून ठेवा. अक्षर पांढरं दिसायचं तर झोन पेटवायला हवा. तो पेटला की अक्षराच्या आजूबाजूच्या मिटलेल्या झडपांमधूनही उजेड झिरपतो. शिवाय दिव्यांपुढे उजेड पसरवणारा पडदा असतो, त्यामुळे शेजारचे झोनही थोडे उजळतात. हेच ते खळं, इंग्रजीत ब्लूमिंग. काळ्या आकाशातला चंद्र, अंधारातली समई, कुठल्याही उजळ वस्तूभोवती ते पडतं. पण समई पडद्यावर एका जागी असते आणि ती मुळातच प्रकाश देणारी वस्तू असल्यामुळे भोवतीचा उजेड डोळ्यांना खुपत नाही. सबटायटलचं तसं नाही. साठ सेंमी लांबीची दोन ओळींची पट्टी आली की आठ-नऊ स्तंभ आणि खालच्या दोन रांगा, असे सोळा-अठरा झोन एकदम पेटतात आणि दोन-तीन सेकंदांत विझतात. स्वस्त टीव्हीत दिवे फक्त कडेला असतात. तिथे झोन म्हणजे लांबच लांब पट्टे, त्यामुळे खालची ओळ आली की वरपर्यंतचा भाग उजळू शकतो.

टीव्हीपुढे दोनच वाटा असतात. झोन पुरता पेटवला तर अक्षर झळकतं आणि खळं पडतं. झोन मंद ठेवला तर खळं जातं, पण अक्षर मळकट होतं आणि शेजारच्या सावलीतले बारकावेही बुडतात. मेन्यूमधल्या Local Dimming या पर्यायात Low, Medium, High असं जे लिहिलेलं असतं, ते या दोन टोकांमधल्या जागा. High म्हणजे 'उत्तम' असं समजून लोक तोच ठेवतात. आत्याच्या टीव्हीवरही तोच होता.

आधी मी एक खातरजमा केली. सिनेमा एका ओळीवर थांबवला आणि आत्याला सोफ्यावरूनच पुठ्ठ्याने फक्त अक्षरं झाकायला सांगितलं. खळं तरी दिसत होतं. नाहीसं झालं असतं, तर दोष चष्म्याच्या काचेचा किंवा डोळ्यांचा ठरला असता, आणि असं बऱ्याचदा निघतं. मोबाइलने फोटो काढून मात्र निवाडा करू नये. अंधारात कॅमेरा उजेड फुगवतो आणि खळं आहे त्याच्या दुप्पट दिसतं.

मग त्याच प्रसंगावर High वरून Low वर आलो. उजेडाची उघडझाप जवळजवळ थांबली. काळा किंचित फिका झाला, पण सगळीकडे सारखाच, त्यामुळे लक्ष तिकडे जाईना. Off करून पाहिलं, तर पूर्ण पडदा राखाडी झाला. तेव्हा Low वरच थांबलो. सावल्या दिसाव्यात म्हणून कुणीतरी Brightness बरीच चढवून ठेवली होती. काही टीव्हींवर या नावाने काळ्याची पातळी बदलते, तर काहींवर थेट मागचे दिवे. दोन्हींत अंधार फिकाच होतो, म्हणून ती कंपनीच्या मूळ आकड्यावर आणली.

राहिली अक्षरं. ज्या ॲपमध्ये सबटायटलचं रूप बदलता येतं, तिथे आकार लहान करायचा आणि रंग पांढऱ्याऐवजी राखाडी मिळत असेल तर तो घ्यायचा. पिवळ्याचा सल्ला खूप लोक देतात, पण पिवळ्यासाठी लाल आणि हिरवी झडप पूर्ण उघडावी लागते, म्हणजे मागचा दिवा जवळपास तितकाच पेटतो. काळ्या पट्टीवर अक्षरं घेऊनही खळं जात नाही, कारण ती पट्टीसुद्धा मिटलेल्या झडपांचीच असते. सगळ्यात जास्त फरक पडला तो दहा मिनिटांच्या कामाने. टीव्हीमागच्या भिंतीवर उजेड पडेल असा छोटा दिवा लावला. खोली अगदी काळोखी राहिली नाही की डोळे तेवढे ताणत नाहीत आणि मंद खळं भिंतीच्या उजेडात विरून जातं. आत्याची खुर्चीही बाजूच्या भिंतीपासून सरकवून समोर आणली, कारण व्हीए पॅनेल तिरकं पाहिलं की झडपा जास्त गळतात.

ओएलईडीत ही भानगडच नाही. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. मिनी-एलईडीत झोन शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात, त्यामुळे खळं अक्षराला चिकटून राहतं, पण पूर्ण जात नाही. दुकानात विचारायचं ते एवढंच, की झोन किती. 'मायक्रो डिमिंग' असं उत्तर आलं तर सावध व्हावं. अनेकदा ती फक्त चित्रावर केलेली सॉफ्टवेअरची कारागिरी असते, मागच्या दिव्यांना तिचा पत्ताही नसतो.

पंधरवड्याने पुन्हा फोन. "अरे, तो धूर परत आला!" या वेळी ती डॉल्बी व्हिजनमधली मालिका बघत होती. बरेचसे टीव्ही साधं चित्र, एचडीआर आणि डॉल्बी व्हिजन या तिन्हींच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या लक्षात ठेवतात, आणि एचडीआरमध्ये मागचे दिवे मुळातच चढे असतात. मालिका चालू असतानाच मेन्यू उघडायला सांगितला. Local Dimming तिथे अजून High वरच होतं.