आठ मिनिटांतला एक प्रश्न

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या ओस्की परीक्षेत घंटा वाजली की विद्यार्थी पुढच्या टेबलाकडे जातो. ही पद्धत रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीत मांडली. सगळ्यांना तोच रुग्ण, तेवढाच वेळ आणि तीच गुणपत्रिका. मानसोपचाराच्या टेबलावर मात्र ‘तोच रुग्ण’ घडवावा लागतो, म्हणून तिथे सराव दिलेला कलाकार बसतो.

समजा, मी असं टेबल आखतेय. बेचाळीस वर्षांची शेतकरी बाई तीन महिने डोकं दुखतं, झोप लागत नाही म्हणून आली आहे. विद्यार्थ्याच्या कागदावर एवढंच असतं: आठ मिनिटांत माहिती घ्या, तपासणी नको. कलाकाराच्या कागदावर बरंच जास्त असतं. कशात मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येते, आणि घरातलं फवारणीचं औषध दोनदा हातात घेऊन तिने परत ठेवलंय. ही शेवटची गोष्ट तिने आपण होऊन सांगायची नाही. कोणी सरळ, शांतपणे विचारलं तरच सांगायची.

गुण वीस. स्वतःची ओळख आणि संमतीला दोन, मोकळा प्रश्न विचारून ऐकण्याला तीन, उदासीच्या लक्षणांना पाच. पूर्वीचे आजार, कधी अतिउत्साहाचा काळ, दारू, घरातला इतिहास यांना तीन. संवादाला तीन. उरलेले चार आत्महत्येच्या विचारांना: विचार येतो का, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, कशामुळे थांबलात.

बहुतेक जण इथेच घसरतात. ‘तसले विचार तर येत नाहीत ना?’ असं ते विचारतात. या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर सोपं असतं, म्हणून कलाकाराने ‘नाही हो’ म्हणून मान खाली घालायची. परीक्षकाला लेखी सूचना असते की या वाक्याला गुण नाही. पण तिची खाली गेलेली मान पाहून विद्यार्थ्याने पुन्हा नीट विचारलं, तर पूर्ण गुण. हे आधी ठरवलं नाही तर एक परीक्षक अर्धा गुण देतो, दुसरा पूर्ण.

परीक्षकाने बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, शिकवायचं नाही. यातलं मान न डोलवणं सर्वांत अवघड जातं, आणि विद्यार्थी त्या मानेवरून पुढचा प्रश्न ठरवतात.

फक्त खुणांच्या यादीवर विसंबलं तर धडाधड प्रश्न फेकणारा जिंकतो. म्हणून परीक्षक शेवटी वेगळा एकूण शेरा देतो: उत्तीर्ण, काठावर, अनुत्तीर्ण. काठावरच्यांच्या गुणांची सरासरी हीच उत्तीर्णतेची रेघ धरता येते. गट लहान असला तर ती डळमळते.

आणि कलाकार? दिवसभर मरणाचं बोलणाऱ्या त्या बाईला दर तासाला बदली द्यावी. उठताना तिला स्वतःच्या नावाने हाक मारून चहा द्यावा.