शिवलेल्या निऱ्या, लपलेले हूक

आधी साडी नेसवून, त्याच चपलांवर उंची ठरवावी. कमर ३२ इंच असेल तर कॅनव्हासचा पट्टा ३४ इंचांचा. दोन इंच एकमेकांवर चढायला. पाच इंची सात निऱ्यांना ७० इंच कापड जाते. निऱ्या वरून नव्हे, खालच्या काठावरून जुळवाव्यात, मग कच्चा टाका घालावा. मशीनची शिलाई वरून फक्त चार बोटे. त्याखाली शिवले की चालताना निऱ्या उघडत नाहीत आणि पाऊल अडते. हूक उजव्या कुशीला लावावेत, म्हणजे पदराचा फेरा ते झाकतो. आळ्यांच्या दोन ओळी ठेवाव्यात. कमर काय, सणावाराला वाढतेच! सिल्क मात्र मशीनखाली सरकते. काठ पायरीसारखा दिसला तर शिलाई उसवावी, इस्त्रीने तो सरळ होत नाही.