√2 + i वर शून्य होणाऱ्या बहुपदी

नववीच्या बीजगणितात x च्या जागी एखादी संख्या ठेवून बहुपदीची किंमत काढायला शिकवतात. x² − 5x + 6 मध्ये x = 2 ठेवले की किंमत शून्य येते, आणि अवयव सिद्धांतानुसार x − 2 हा तिचा अवयव ठरतो. गणिताच्या पदवी अभ्यासक्रमात हाच प्रश्न उलट्या बाजूने समोर येतो. संख्या आधी ठरवून दिलेली असते आणि विचारलेले असते की तिच्यावर शून्य होणाऱ्या बहुपदी नेमक्या कोणत्या? अट एकच, सहगुणक परिमेय हवेत, म्हणजे 3, −7, 2/5 असे. वर्गमूळ चालणार नाही, i चालणार नाही.

दिलेली संख्या 2 असेल तर काही गंमत नाही. x − 2 च्या सगळ्या पटी, एवढेच उत्तर. पण संख्या √2 + i असेल तर? x − (√2 + i) लिहून मोकळे होता येत नाही, कारण तिच्यात परिमेय नसलेला सहगुणक आला. सोपा रस्ता बंद झाला, आणि खरा प्रश्न इथून सुरू होतो.

परिमेय सहगुणकांच्या सगळ्या बहुपदींना मिळून Q[x] म्हणतात. यातल्या प्रत्येक बहुपदीत x च्या जागी √2 + i ठेवले की एक संमिश्र संख्या मिळते. ज्या बहुपदींना शून्य मिळते त्यांचा गट म्हणजे या क्रियेचा कर्नल. या गटातल्या दोन बहुपदींची बेरीज केली तर तीही शून्यच देते. शिवाय गटातल्या बहुपदीला Q[x] मधल्या हव्या त्या बहुपदीने गुणा, गुणाकार गटातच राहतो, कारण शून्याला कशानेही गुणले तरी शून्य. असा गट म्हणजे बीजगणितातले ‘आयडियल’. म्हणजे एक जरी बहुपदी सापडली तरी तिच्या अनंत पटी आपोआप हाती लागतात. तर मग आधी ती एक शोधू.

संख्येला a म्हणू. a = √2 + i. i डावीकडे नेला की a − i = √2. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की a² − 2ai − 1 = 2, म्हणजे a² − 3 = 2ai. √2 गेले, i अजून शिल्लक आहे. पुन्हा वर्ग करू: a⁴ − 6a² + 9 = −4a². सगळे एका बाजूला आणले की

a⁴ − 2a² + 9 = 0.

आता सगळे सहगुणक परिमेय आहेत. x⁴ − 2x² + 9 ही बहुपदी कर्नलमध्ये आहे, याबद्दल शंका नाही. तिला m म्हणू.

बरेच विद्यार्थी इथे पेन खाली ठेवतात आणि लिहितात: कर्नल म्हणजे m च्या सगळ्या पटी. या उदाहरणात ते उत्तर बरोबरच आहे, पण सिद्ध अजून काहीच झालेले नाही. m च्या पटी कर्नलमध्ये आहेत एवढेच कळले. कर्नलमध्ये आणखी कोणी लपलेले नाही, हे कुठे दाखवले? परीक्षकाला गुण कापायचे असतील तर तो इथेच कापेल, आणि माझ्या मते योग्यच करेल.

हा धोका कागदी नाही. √(3 + 2√2) ही संख्या घ्या. वर्ग करा, 3 डावीकडे न्या, पुन्हा वर्ग करा, की x⁴ − 6x² + 1 ही चौथ्या कोटीची बहुपदी मिळते. रीत तीच, आकडेमोड बिनचूक. पण 1 + √2 चा वर्ग करून पाहिला तर तो 3 + 2√2 येतो. म्हणजे ते भलेमोठे दिसणारे वर्गमूळ फक्त 1 + √2 आहे, आणि त्याला शून्यावर आणायला x² − 2x − 1 पुरते. चौथ्या कोटीची आपली बहुपदी मुळात (x² − 2x − 1)(x² + 2x − 1) असा गुणाकार होता. तिच्या पटींनाच कर्नल मानले असते तर x² − 2x − 1 ही बहुपदी बाहेर राहिली असती. दर वेळी वर्ग करताना ऋण चिन्हाची उत्तरेही आत शिरतात आणि कोटी विनाकारण फुगू शकते.

तेव्हा √2 + i च्या बाबतीत चौथीपेक्षा लहान कोटीची बहुपदी चालत नाही, हे दाखवावे लागेल. पुस्तकांत यासाठी m चे परिमेय अवयव पडत नाहीत असे सिद्ध करायला सांगतात. एक ठरलेला उपाय म्हणजे एखाद्या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या अंकगणितात बहुपदी नेऊन पाहणे. तिथे अवयव पडले नाहीत तर परिमेय संख्यांतही पडत नाहीत. आपल्या m ला मात्र हा उपाय लागू पडत नाही. 5 च्या बाक्यांत ती (x² − 4x − 3)(x² + 4x − 3) होते, 7 च्या बाक्यांत (x² + x + 3)(x² − x + 3). कुठलीही मूळ संख्या घ्या, अवयव पडतातच. तरीही परिमेय संख्यांत तिचे अवयव पडत नाहीत. मूळ संख्यांमागून मूळ संख्या तपासत बसणाऱ्याचा अख्खा दिवस जाईल आणि हाती काही लागणार नाही.

त्यापेक्षा सरळ वाट आहे. a चे घात मांडू:

a = √2 + i
a² = 1 + 2√2·i
a³ = −√2 + 5i

यात चारच घटक दिसतात: 1, √2, i आणि √2·i. परिमेय संख्यांनी गुणून या चौघांची बेरीज शून्य करायची असेल तर चारही गुणक शून्यच असावे लागतात. कारण वास्तव भाग आणि काल्पनिक भाग वेगवेगळे शून्य व्हायला हवेत, आणि √2 अपरिमेय आहे. आता समजा, तिसऱ्या किंवा त्याहून लहान कोटीची c₀ + c₁x + c₂x² + c₃x³ ही बहुपदी a वर शून्य होते. घात वरच्या मांडणीप्रमाणे घालून एकेक घटक वेगळा केला तर √2·i चा गुणक 2c₂ येतो, म्हणून c₂ शून्य. 1 चा गुणक c₀ + c₂, म्हणून c₀ शून्य. √2 चा गुणक c₁ − c₃ आणि i चा c₁ + 5c₃; दोन्ही शून्य म्हणजे 6c₃ = 0, आणि मग c₁ सुद्धा शून्य. चारही सहगुणक गेले. म्हणजे चौथीपेक्षा लहान कोटीची, शून्य नसलेली एकही बहुपदी कर्नलमध्ये नाही. अवयवांची चर्चा न करता काम झाले.

उरलेले काम शाळेतला भागाकार करतो. कर्नलमधली कुठलीही बहुपदी f घ्या आणि तिला m ने भागा. बाकी r उरेल, जिची कोटी चौथीपेक्षा लहान. f ची किंमत a वर शून्य, m ची शून्य, म्हणून r चीही शून्य. पण इतक्या लहान कोटीची अशी बहुपदी फक्त शून्य हीच, हे आत्ताच पाहिले. म्हणजे बाकी शून्य, f ही m ची पट. अनंत बहुपदींचा गट आता एका बहुपदीच्या मुठीत आला. एखादी बहुपदी कर्नलमध्ये आहे का, हे ठरवायला √2 किंवा i कडे पुन्हा वळायची गरज नाही. x⁶ + x⁴ + 3x² + 27 ला m ने भागले की x² + 3 असा नि:शेष भागाकार येतो; झाले, ती आत आहे.

m चा आणखी एक उपयोग असा की a⁴ − 2a² + 9 = 0 मधून a(a³ − 2a) = −9 मिळते, म्हणून 1/a = (2a − a³)/9. a ने भागायचे काम a च्या घातांची बेरीज-वजाबाकी करून होते. किंमत घालून पाहिली तर (√2 − i)/3 येते, आणि √2 + i ने गुणले की बरोबर 1.

या सगळ्यात ‘परिमेय’ ही अट किती वजनदार आहे, तेही पाहण्यासारखे आहे. वास्तव सहगुणक चालतील असे म्हटले असते तर x² − 2√2x + 3 ही दुसऱ्या कोटीची बहुपदी पुरली असती. i चालतो म्हटले असते तर x² − 2ix − 3. परिमेय सहगुणकांना मात्र √2 + i, √2 − i, −√2 + i, −√2 − i या चौघांत फरक करता येत नाही. एकावर शून्य होणारी बहुपदी चौघांवरही शून्य होते. म्हणून कोटी चार.

संख्या फक्त दशांशांत माहीत असेल तर संगणकाची मदत घेता येते. PARI/GP या मोफत प्रणालीत पुढची ओळ टाकली की x⁴ − 2x² + 9 समोर येते:

```
algdep(sqrt(2)+I, 4)
```

तिच्यामागे १९८२ साली आर्जेन लेन्स्ट्रा, हेन्ड्रिक लेन्स्ट्रा आणि लास्लो लोवास यांनी दिलेली रीत आहे. मात्र हा अंदाज असतो, सिद्धता नव्हे. π घातला तरी ती प्रणाली काहीतरी बहुपदी देतेच. फक्त तिचे सहगुणक अवाढव्य असतात आणि दशांश स्थळे वाढवली की बहुपदीच बदलते. खरी बहुपदी बदलत नाही.

π च्या वाट्याला खरे तर कुठलीच बहुपदी नाही. फर्डिनांड लिंडेमान यांनी १८८२ मध्ये सिद्ध केले की परिमेय सहगुणकांची शून्याखेरीज कुठलीही बहुपदी π वर शून्य होत नाही. त्याचा कर्नल रिकामा नसला तरी त्यात शून्य बहुपदी सोडून कोणी नाही. e बद्दल हेच चार्ल्स हर्माइट यांनी १८७३ मध्ये दाखवले होते. पण e + π चा कर्नल कोणता, हे आजही कोणाला माहीत नाही, आणि eπ चाही नाही. एवढेच नक्की आहे की दोघांपैकी निदान एकाच्या कर्नलमध्ये फक्त शून्य आहे. दोन्ही संख्या अशा बहुपदींची मुळे असत्या, तर x² − (e + π)x + eπ या समीकरणातून e आणि π सुद्धा तशाच ठरल्या असत्या, आणि ते हर्माइट व लिंडेमान यांच्या सिद्धतेच्या विरुद्ध आहे. कोणती एक, हे सांगणारी सिद्धता अजून झालेली नाही.