मका पिशवीत भरण्याआधी

ऑक्टोबरात काढलेल्या मक्याच्या दाण्यात बहुधा 20 टक्क्यांहून अधिक ओलावा असतो. साठवणीला तो 12-13 टक्के हवा. ओलावा मोजायचे यंत्र नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडे मीठ घालून दोन-तीन मिनिटे हलवा. दहा-पंधरा मिनिटांनी मीठ काचेला चिकटलेले दिसले, तर ओलावा 15 टक्क्यांपेक्षा जास्त आहे. चिकटले नाही तरी ताडपत्रीवर आणखी एक-दोन उन्हे द्याच.

हवाबंद पिशवीत आतल्या प्लास्टिकच्या थैल्या एकेक करून पिळून घट्ट बांधतात. आत राहिलेले सोंडे श्वासाने प्राणवायू संपवतात आणि मरतात, औषध लागत नाही. एका छिद्राने मात्र हे सारे वाया जाते.

ही पिशवी दाणे वाळवत नाही, हे विसरू नये. ओला मका आत आंबतो. वाळवायला उशीर झाला की अस्परजिलस ही हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन सोडते. ते यकृताला घातक असते आणि शिजवूनही जात नाही. बुरशी पुसली तरी विष दाण्यात उरते. असा मका जनावरांनाही घालू नका; दुभत्या गाईच्या दुधात ते विष उतरते.